विश्लेषण : रंगीत पट्टीने डिस्लेक्सिया जातो का? डोळ्यांची तपासणी काय सांगते, काय नाही?

वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या आईबाबांना समाजमाध्यमांवर कधी ना कधी एक चित्रफीत दिसतेच. मूल पुस्तकातली ओळ धडपडत वाचत असते. मग पानावर पिवळी किंवा निळी पारदर्शक पट्टी ठेवली जाते आणि तेच मूल तीच ओळ बऱ्यापैकी सरळ वाचते. आईच्या डोळ्यांत पाणी. खाली पट्ट्यांचा संच विकत घेण्यासाठी दुवा.

चित्रफीत बहुतेक वेळा खोटी नसते. मूल खरेच दुसऱ्यांदा नीट वाचते. प्रश्न असा की ते पट्टीमुळे वाचते का, आणि जे सुधारले त्याला वाचन म्हणायचे का. या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या चाळीस वर्षांत शोधली गेली आहेत. ती पट्टीच्या बाजूची नाहीत. तरीही पट्टी खपते, याचे एक कारण म्हणजे डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष आहे ही आपल्या मनात पक्की बसलेली समजूत. २००७ च्या ‘तारे जमीन पर’मध्ये ईशानला पानावरची अक्षरे नाचताना दिसतात. त्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला, हे त्याचे मोठे काम. पण त्याबरोबर नाचणारी अक्षरेही घरोघरी गेली.

ही पट्टी आली कुठून?

न्यूझीलंडमधल्या शिक्षिका ऑलिव्ह मियर्स यांनी १९८० मध्ये एक निरीक्षण मांडले. वाचनात मागे असलेल्या काही मुलांना पांढऱ्या कागदावरचा काळा मजकूर त्रास देतो, अक्षरांपेक्षा मधल्या पांढऱ्या जागाच त्यांच्या डोळ्यांत भरतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी १९८३ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात याच धर्तीवर एक नवा विकार मांडला. त्याला त्यांनी ‘स्कोटोपिक सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम’ म्हटले. पुढे तो अर्लेन सिंड्रोम म्हणून ओळखला गेला. उपाय म्हणजे पानावर प्रत्येकाच्या ‘योग्य’ रंगाची पट्टी, आणि पुढची पायरी रंगीत काचांचा चष्मा. (‘स्कोटोपिक’ म्हणजे अंधुक उजेडातली दृष्टी. पुस्तक आपण उजेडात वाचतो आणि अंधुक उजेडात रंग धड कळतही नाहीत. नावातच गोंधळ होता.)

याच काळात ब्रिटनमध्ये अरनॉल्ड विल्किन्स हे मानसशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने रंगांकडे आले. अपस्मार आणि अर्धशिशीच्या काही रुग्णांना पट्ट्यापट्ट्यांच्या नक्षीचा त्रास होतो, हे त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र. छापील पानावरच्या ओळी म्हणजेही एक प्रकारची पट्ट्यांची नक्षी. ती काहींच्या मेंदूला खुपत असेल आणि रंगाने खुपणे कमी होत असेल, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क हास्यास्पद नाही. प्रखर पांढऱ्या पानाने ज्यांचे डोके दुखते, अशी माणसे आपल्या ओळखीतही असतात. पण इथून ‘वाचता न येणाऱ्या मुलाला रंगाने वाचता येईल’ इथपर्यंतची उडी फार लांबची आहे.

वेग वाढतो म्हणजे नेमके काय वाढते?

पट्टीचा गुण दाखवण्यासाठी विल्किन्स यांनी एक चाचणी तयार केली. ती समजून घेतली की अर्धा गुंता सुटतो. इंग्रजीतले अगदी सोपे पंधरा शब्द घ्यायचे. ‘कॅट’, ‘डॉग’, ‘प्ले’, ‘लुक’ अशा धाटणीचे. प्रत्येक ओळीत तेच पंधरा शब्द, फक्त क्रम उलटसुलट. ओळींना काही अर्थ नाही. मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचायचे आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. एकदा पट्टीशिवाय, एकदा पट्टी ठेवून.

अशी रचना मुद्दाम केलेली आहे. शब्द सगळ्यांना पाठ असले, अर्थ लावायचा नसला, की उरते ते नजर ओळीवरून सरकवण्याचे काम. चाचणी करणाऱ्याला तेच मोजायचे होते आणि त्यासाठी ते योग्यही आहे. पण डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची अडचण कुठे असते? अनोळखी शब्द समोर आला की त्यातली अक्षरे आणि त्यांचे आवाज जुळवण्यात. या चाचणीत अनोळखी शब्द एकही नाही. म्हणजे जिथे मुलाचे घोडे अडते तो भागच चाचणीतून काढून टाकलेला आहे. त्यात वेग वाढला तरी मुलाचा डिस्लेक्सिया कमी झाला असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. बराच काळ वेगात पाच टक्क्यांहून जास्त वाढ दिसली की पट्टी ‘लागू पडली’ असे मानले जाई. पुढे रंगाची बाजू घेणाऱ्या अभ्यासकांनीच ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत वर नेली. का, ते एका उदाहरणातून पाहू. मुलगी काल्पनिक आहे, आकडे समजण्यापुरते आहेत, पण कोणत्याही घरात असे घडू शकते.

मीरा मराठी माध्यमात चौथीत शिकते. तोंडी उत्तरे चटचट देते. गोष्ट ऐकली की दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगते. वाचायला बसवले की मात्र रडकुंडीला येते. आईने पट्ट्यांचा संच मागवला आणि चाचणी घरीच करायची ठरवली. ‘आई’, ‘घर’, ‘पाणी’, ‘मी’, ‘बस’ असे मीराला नक्की येणारे पंधरा शब्द घेऊन तिने उलटसुलट ओळींची काही पाने तयार केली. पहिल्या मिनिटात पट्टीशिवाय मीराने ४८ शब्द वाचले. मग पिवळी पट्टी ठेवली. ५४ शब्द. सहा शब्द जास्त, म्हणजे साडेबारा टक्के वाढ! इथे थांबले असते तर या घरातूनही एक चित्रफीत निघाली असती.

आईने थांबायचे नाही असे ठरवले. तिने नवीन पान घेऊन पुन्हा पिवळी पट्टी ठेवली. ५२ शब्द आले. मग शेवटी परत पट्टीशिवाय वाचून घेतले, ५३ शब्द. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी साधे, मग पट्टी, पुन्हा पट्टी, मग साधे. यामुळे सरावाचा फायदा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. आता सरासरी काढा. पट्टीशिवाय साडेपन्नास, पट्टीसह त्रेपन्न. फरक अडीच शब्दांचा, म्हणजे पाच टक्के. आणि पट्टीशिवायच्याच दोन वाचनांत, ४८ आणि ५३ मध्ये, पाच शब्दांचा फरक आहे. म्हणजे पट्टीचा म्हणून जो परिणाम दिसतो, त्याच्या दुप्पट चढउतार मीराच्या स्वतःच्या वाचनात आहे.

दुसऱ्या दिवशी आईने आणखी एक गोष्ट केली. पुस्तकांना कव्हर घालायचे स्वच्छ, बिनरंगी प्लास्टिक त्याच आकारात कापले आणि ‘ही आणखी चांगली पट्टी आहे’ असे सांगून मीरासमोर ठेवले. ५४ शब्द.

रंग नाही, तरी पिवळ्याइतकाच ‘गुण’. मीराने फसवले नाही. आई शेजारी बसली आहे, नवीन वस्तू आणली आहे, यावेळी जमेल असे सगळे म्हणत आहेत, अशा वेळी मूल जरा जास्त लक्ष देते. पहिल्यांदा अडखळलेला शब्द दुसऱ्यांदा ओळखीचा असतो. चित्रफितीतले मूल याच कारणांनी सुधारलेले असू शकते आणि बिनरंगी पट्टीची जोड दिल्याशिवाय ते कधीच कळत नाही.

शास्त्रीय चाचणीत काय निघाले?

मीराच्या आईने घरी केले तेच स्टुअर्ट रिची, सर्जिओ डेला साला आणि रॉबर्ट मॅकिंटॉश या एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी नीट आखून केले. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. वाचनात मागे असलेली ७ ते १२ वयाची ६१ मुले त्यांनी घेतली. अर्लेन पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या तपासनिसाने त्यांना तपासले, तेव्हा ७७ टक्के मुलांना अर्लेन सिंड्रोम असल्याचा निर्वाळा मिळाला. आकडाच बोलका आहे. वाचनात मागे असलेल्या चारपैकी तीन मुलांना जो विकार सापडतो, तो सापडवणारी चाळणी नेमके काय गाळते, हा प्रश्न पडायला हवा.

मग प्रत्येक मुलाने तीन प्रकारे वाचले : त्याच्यासाठी ठरवलेल्या रंगाची पट्टी, दुसऱ्याच रंगाची पट्टी आणि बिनरंगी पट्टी. ‘योग्य’ रंगाचा काही फायदा दिसला नाही. एका वर्षाने पुन्हा पाहिले, तेव्हाही पट्टी वापरणाऱ्यांची वाचनातली प्रगती वेगळी नव्हती.

एका अभ्यासावर निकाल देऊ नये, हे खरे. म्हणून २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. रंगीत पट्ट्या किंवा काचा यांची शिफारस करता येत नाही आणि जो फायदा दिसतो तो सराव, अपेक्षा आणि लक्ष दिले जाण्याचा परिणाम असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या अभ्यासांत फायदा दिसला होता, त्यांच्यात बिनरंगी पट्टीशी प्रामाणिक तुलना बऱ्याचदा नव्हती किंवा मुलांना आपल्याला कोणती पट्टी ‘लागू’ आहे हे माहीत होते.

अक्षरे उलटी दिसतात, असे मूल म्हणते त्याचे काय?

डिस्लेक्सियाचा इतिहास डोळ्यांच्या डॉक्टरांपासूनच सुरू होतो. हा शब्द घडवला तो जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी, १८८० च्या दशकात. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड यांनी ‘शब्दांधत्व’ या विकारावर लिहिले. ते वाचून इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीगत छापली. मुलगा हुशार, डोळे उत्तम. सात वर्षे मास्तर खपले, तरी सोपे शब्दही त्याला वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही त्याची अक्षरे मागेपुढे झाली. मॉर्गन यांनी त्याला ७४९ गुणिले ८६७ असे गणित घातले. त्याने ते भराभर आणि बरोबर सोडवले.

या गुणाकारात सगळे उत्तर आहे. आकडेही छापलेलेच असतात, तितक्याच आकाराचे, त्याच शाईचे. ६ आणि ९ तर एकमेकांची उलटी रूपे. डोळा अक्षरे हलवत असेल तर आकडे का हलवत नाही? कारण ‘७’ हे चिन्ह पाहिले की थेट संख्या समजते, तिथे आवाज जोडत बसावे लागत नाही. शब्दाचे तसे नाही.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रँक व्हेलुटिनो यांनी हेच जास्त काटेकोरपणे तपासले. डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या, हिब्रू न येणाऱ्या मुलांना त्यांनी हिब्रू शब्द क्षणभर दाखवले आणि आठवणीने काढायला सांगितले. दोन्ही गटांनी सारखेच चांगले काढले. नजर आणि नजरेची आठवण शाबूत होती. अडचण आली ती दिसलेल्या अक्षराला आवाज देताना.

मराठीत हे जरा वेगळ्या वेशात दिसते. ‘b’ आणि ‘d’ सारखी आरशातली जोडी देवनागरीत फारशी नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत सुरुवातीला सगळीच मुले करतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची गाडी बहुधा अडते ती जोडाक्षरावर आणि मात्रेवर. ‘प्रवास’चा ‘परवास’ होतो, ‘किती’ आणि ‘कीर्ती’ एकच वाटतात, ‘स्वच्छ’ पाहिला की मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकते. आणि विचारले तर म्हणते, ‘अक्षरे हलतात.’ सात-आठ वर्षांच्या मुलाकडे ‘मला या चिन्हाचा आवाज वेळेवर आठवत नाही’ हे सांगायला शब्द नसतात. जे शब्द त्याने मोठ्यांकडून ऐकले आहेत, त्यांतच तो आपली अडचण बसवतो. पट्टी विकणाऱ्याची प्रश्नावलीही त्याला हेच शब्द पुरवते : अक्षरे हलतात का? धूसर होतात का? ओळ सुटते का? हो, हो, हो.

मग डोळे तपासायचे कशाला?

तपासायचेच, आणि आधी तपासायचे. वाचायला कष्ट पडण्याची काही कारणे डोळ्यांत असतात आणि ती उपचाराने जातात. फक्त तपासणीकडून काय अपेक्षा ठेवायची, ते माहीत हवे.

शाळेतल्या शिबिरात भिंतीवरचा तक्ता वाचून घेतात. त्याने दूरचे दिसते की नाही ते कळते. पुस्तक हातात असते, भिंतीवर नसते. ‘प्लस’ नंबर असलेले मूल तक्ता पूर्ण वाचू शकते, कारण लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग लवचीक असते, ते जोर लावून नंबर झाकून टाकते. पण जवळचे पान तासभर वाचताना तोच जोर सतत लावावा लागतो आणि कपाळ दुखू लागते. म्हणून मुलांचा नंबर थेंब टाकून, भिंग सैल पाडून तपासतात. थेंबांनंतर काही काळ जवळचे धूसर दिसते आणि उजेड टोचतो, त्यामुळे पालक टाळाटाळ करतात. ती करू नये.

दुसरी गोष्ट दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याची. पेन नाकाजवळ आणत गेले की एका टप्प्यावर ते दोन दिसू लागते. हा टप्पा नाकाच्या मुळापासून साधारण सहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असेल, तर डोळे वळण्यात कमी पडतात अशी शंका घेतात. अशा मुलाला वाचताना दोन-दोन दिसते, ओळ सुटते, ते एक डोळा झाकून वाचते. यावर व्यायाम आहेत आणि ते लागू पडतात.

पण डोळे सुधारले की वाचन सुधारते का? नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत हा दोष असलेल्या ९ ते १४ वयाच्या ३११ मुलांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एका गटाला १६ आठवडे खरे व्यायाम, दुसऱ्याला व्यायामासारखे दिसणारे पण निरुपयोगी काम. खऱ्या व्यायामाच्या गटात डोळे वळण्याची क्षमता जास्त सुधारली. वाचलेले समजण्याचे गुण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाढले. डोळ्यांचा दोष खरा होता, उपचारही खरा होता. त्याने वाचनात वेगळी भर पडली नाही.

उलट बाजूनेही पाहिले गेले आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला जात आहे. त्यांतल्या ५,८२२ मुलांची ७ ते ९ या वयातली वाचनक्षमता आणि डोळ्यांच्या चाचण्या शेजारी ठेवून २०१५ मध्ये विश्लेषण छापले गेले. वाचनात फार मागे असलेली १७२ मुले निघाली. प्रत्येक चाचणीत त्यांच्यातल्या पाचपैकी चारांहून जास्त मुलांचे डोळे सामान्य होते. खोली ओळखणे आणि जवळच्या वस्तूवर दोन डोळ्यांची प्रतिमा एक करणे, या दोन बाबतींत दोष थोडा जास्त सापडला : त्यांच्यात सहापैकी एकाला, तर इतरांत दहापैकी एकाला. एवढ्या फरकाने वाचनातली अडचण समजावता येत नाही.

त्यामुळे नेत्रतज्ज्ञ दोन गोष्टी खात्रीने सांगू शकतात. छापील अक्षर मुलाच्या डोळ्यांपर्यंत स्पष्ट पोहोचते का, आणि पोहोचत नसेल तर ते कसे पोहोचवायचे. मुलाला डिस्लेक्सिया आहे किंवा नाही, हे डोळ्यांच्या कोणत्याही यंत्रातून कळत नाही. ‘डोळे छान आहेत’ याचा अर्थ ‘मूल आळशी आहे’ असा होत नाही. आणि नंबर निघाला म्हणजे वाचनाचे कोडे सुटले असेही नाही.

मीराचे पुढे काय झाले?

आईने तिला नेत्रतज्ज्ञाकडे नेले. तक्ता तिने पूर्ण वाचला. थेंब टाकल्यावर दोन्ही डोळ्यांत प्लस अडीचचा नंबर निघाला. चष्मा लागला आणि दोन आठवड्यांत संध्याकाळची डोकेदुखी थांबली. वाचन मात्र तसेच राहिले. धड्यातला न वाचलेला उतारा समोर ठेवला, तर चष्म्यासह मिनिटाला २२ शब्द, चष्मा आणि पिवळी पट्टी दोन्ही असताना २२ शब्द.

इथे आईने काही साध्या गोष्टी ताडून पाहिल्या आणि त्या कोणालाही करता येतात. डोळ्यांमुळे अडचण असेल तर मूल पहिली पाच-दहा मिनिटे बरे वाचते आणि मग बिघडते. मीरा पहिल्याच ओळीला अडते. डोळ्यांमुळे असेल तर अक्षर मोठे केल्यावर फरक पडतो. मीरा फळ्यावरच्या टपोऱ्या अक्षरांतही तिथेच अडते. बारीक छापलेले आकडे ती सहज वाचते. मग आईने पुस्तक मिटले आणि तोंडी खेळ घेतला. ‘कमळ’मधला पहिला आवाज काढला तर काय उरते? मीराला ‘मळ’ सांगायला वेळ लागला. ‘पाट’मधला ‘प’ काढून तिथे ‘व’ ठेव, हे जमलेच नाही. ‘टाभुक’, ‘मसिळ’ असे निरर्थक पण नियमाने लिहिलेले शब्द वाचायला दिले, तेव्हा तिने ‘टाभुक’चा ‘टाक’ केला. निरर्थक शब्द अंदाजाने वाचता येत नाही, तो अक्षर-अक्षर जोडूनच वाचावा लागतो. म्हणून तिथे खरी जागा सापडते. तोंडी खेळात तर कागदच नव्हता. ज्या अडचणीत डोळ्यांचा संबंधच येत नाही, तिच्यावर पट्टी कुठे ठेवणार?

हे घरगुती निदान नव्हे. निदानाची रीत ठरलेली आहे. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट झाली आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिचे प्रमाणपत्र आठ वर्षे वयानंतर मिळते. त्याआधी बालरोगतज्ज्ञ दृष्टी आणि श्रवण तपासून घेतात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या होतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत हे होते. दहावी-बारावीत जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती याच प्रमाणपत्रावर मिळतात. अर्लेन सिंड्रोमच्या दाखल्यावर त्या मिळत नाहीत.

पट्टीने इजा होत नाही, मग वापरून पाहायला काय हरकत, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. एखाद्या मुलाला पिवळ्या पानावर बरे वाटत असेल तर त्याला ते खुशाल वापरू द्यावे. फोनवर आपणही रात्री पडदा पिवळसर करतो. हरकत आहे ती वेळेची. पट्टी, मग दुसऱ्या रंगाची पट्टी, मग महागडा रंगीत चष्मा, असे करत दुसरी ते चौथी ही वर्षे निघून जातात. याच वर्षांत अक्षर आणि आवाज यांची जोडणी पद्धतशीर शिकवली तर ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते. २०१४ मध्ये जर्मनीतल्या गालुश्का आणि सहकाऱ्यांनी वाचन-अक्षमतेवरच्या उपचारांच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ज्याचा परिणाम आकडेवारीत खात्रीने टिकला तो उपाय हा एकच होता. रंगीत पट्ट्या त्या यादीत टिकल्या नाहीत.

मीरासाठी हे काम असे दिसते : आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, विशेष शिक्षिकेबरोबर. एका वेळी एकच मात्रा. ‘का’पासून ‘ळा’पर्यंत, आधी कानाने, मग पाटीवर, मग निरर्थक शब्दांत, शेवटी वाक्यात. ती पक्की झाल्याशिवाय वेलांटीकडे जायचे नाही. जोडाक्षरे तोडून : ‘प्’ आणि ‘र’ वेगळे उच्चारून मग ‘प्र’. दर पंधरवड्याला न वाचलेल्या उताऱ्यातले मिनिटाचे शब्द मोजून वहीत लिहायचे. पहिल्या महिन्यात २२ चे २४ झाले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ३१. पिवळी पट्टी आता वहीत खूण म्हणून ठेवलेली असते.